मॅक की डिजिटल सही? निफाडच्या एका कांदा-पावतीवरून दोन्हींतला फरक

निफाड तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी नाशिक शहरातल्या एका निर्यातदाराला कांद्याची गाडी पाठवते आणि गाडी निघताच तिचा संगणक निर्यातदाराच्या संगणकाकडे एक छोटा संदेश पाठवतो: पावती क्रमांक 0417, वजन 182.40 क्विंटल, ठरलेला दर क्विंटलला 1675 रुपये. रक्कम होते 3,05,520 रुपये. तीन आठवड्यांनी पैसे जमा होतात ते 2,69,040 रुपये, आणि निर्यातदाराकडून उत्तर येते की आमच्याकडे आलेल्या संदेशात दर 1475 होता. मधले 36,480 रुपये कोणाचे, हे ठरवायला संदेशासोबत आलेला पडताळणीचा आकडा उपयोगी पडेल का? हे प्रकरण उदाहरणासाठी रचलेले आहे, पण प्रश्न खरा आहे. तो आकडा मॅक होता, म्हणजे दोघांकडेही असलेल्या एकाच गुपित किल्लीने काढलेला, की डिजिटल सही होती, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याकडच्या किल्लीने केलेली, यावर त्याचे उत्तर पूर्णपणे अवलंबून असते.

मी नाशिकमध्ये शेतमालाच्या व्यवहारांसाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि या दोन गोष्टींची गल्लत मला वारंवार दिसते. म्हणून हीच पावती घेऊन दोन्ही पद्धती प्रत्यक्ष चालवून पाहू. त्यासाठी ओपनएसएसएल हे मोफत मिळणारे साधन पुरेसे आहे. खालच्या आज्ञा त्याच्या 3.0 किंवा त्यापुढील आवृत्तीसाठी आहेत आणि लिनक्सच्या टर्मिनलवर आहेत तशा चालतात.

आधी संदेशाची बाइट निश्चित करावीत

मॅक काय किंवा सही काय, ती अर्थावर होत नाही, बाइटांच्या एका ठरावीक मालिकेवर होते. त्यामुळे पहिले काम म्हणजे संदेश एका फाइलमध्ये असा लिहिणे, की त्यात आपल्याला नको असलेले एकही अक्षर राहणार नाही.

```
printf '%s' 'kampani=A;kharedidar=B;pavti=0417;tarikh=2025-02-11;vajan=182.40;dar=1675' > pavti.txt
wc -c pavti.txt
```

दुसऱ्या आज्ञेचे उत्तर 73 यायला हवे. ते 74 आले तर शेवटी ओळ संपल्याची खूण शिरलेली आहे, आणि 75 आले तर फाइल बहुधा विंडोजवर तयार झालेली आहे, कारण तिथे ओळ संपल्याची खूण दोन बाइटांची असते. डोळ्यांना तिन्ही फाइली सारख्याच दिसतील, पण पडताळणीच्या दृष्टीने त्या तीन वेगवेगळ्या फाइली आहेत.

हे इतके बारकाईने सांगण्याचे कारण म्हणजे मराठी मजकुराच्या बाबतीत हा त्रास आणखी खोलवर जातो. एकदा एका कार्यालयात दुपारभर आम्ही न जुळणारा मॅक शोधत बसलो होतो. किल्ली बरोबर होती, आज्ञा बरोबर होत्या, मजकूर छापून शेजारी-शेजारी ठेवला तरी अक्षरशः सारखा होता. शेवटी फाइली `xxd` ने उघडून बाइट पाहिली तेव्हा फरक सापडला तो ‘शेतकऱ्याचे नाव’ यातल्या ‘ऱ्य’ मध्ये. एका कीबोर्डने तिथे वेगळे ‘ऱ’ हे अक्षर टाकले होते. दुसऱ्याने साधे ‘र’, त्यापुढे हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकले होते. पडद्यावर दोन्हींचा आकार एकच उमटतो. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण एनएफसी लावूनही हे दोन प्रकार एक होत नाहीत. त्यामुळे ज्या मजकुरावर मॅक किंवा सही करायची, त्यात शक्यतो क्रमांक, तारीख आणि इंग्रजी अंक एवढेच ठेवावे. मराठी नाव घालायचेच असेल, तर ते एका बाजूने एकदाच लिहावे आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा टाइप न करता मिळालेली बाइट जशीच्या तशी पडताळावीत. वरच्या संदेशात रोमन अक्षरे आहेत ती याच कारणासाठी.

नुसता हॅश पुरत नाही

काही जण फाइलसोबत तिचा एसएचए-256 हॅश, म्हणजे तिच्या सगळ्या बाइटांवरून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा, पाठवतात आणि ‘फाइल सुरक्षित आहे’ असे मानतात. हॅश काढायला कोणतेही गुपित लागत नाही. वाटेत ज्याने 1675 चे 1475 केले, तो नव्या मजकुराचा नवा हॅशही काढून जोडू शकतो. डाउनलोड अर्धवट झाले का, डिस्कवर बाइट बिघडली का, एवढे हॅशने कळते. मुद्दाम केलेल्या बदलाविरुद्ध त्याचा उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा तो वेगळ्या आणि विश्वासाच्या मार्गाने आपल्यापर्यंत पोहोचलेला असतो.

मॅक: दोघांमधले गुपित

मेसेज ऑथेंटिकेशन कोड, म्हणजेच मॅक, ही उणीव भरून काढतो तो एका गुपित किल्लीच्या आधारे. ती किल्ली पाठवणारा आणि घेणारा या दोघांकडेही असते. सर्वांत रुळलेली पद्धत एचमॅक. ती 1996 मध्ये मांडली गेली आणि 1997 मध्ये आरएफसी 2104 या दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. तिच्यात किल्ली आणि संदेश यांचा हॅश दोन थरांत काढला जातो. किल्लीपुढे संदेश चिकटवून सरळ एसएचए-256 का काढू नये, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. तसे केले तर किल्ली माहीत नसलेला माणूसही संदेशाच्या शेवटी स्वतःची भर घालून नवा वैध आकडा काढू शकतो, कारण हॅशचा निकाल हीच त्याची आतली स्थिती असते आणि तिथून पुढे गणित चालू ठेवता येते. एचमॅकचा बाहेरचा थर नेमकी ही वाट बंद करतो. म्हणून घरी बनवलेला मॅक वापरू नये.

```
KILLI=$(openssl rand -hex 32)
openssl dgst -sha256 -mac HMAC -macopt hexkey:$KILLI pavti.txt
```

उत्तरात 64 अक्षरी आकडा येतो, म्हणजे 32 बाइट. निर्यातदाराने तीच किल्ली वापरून आपल्याकडे आलेल्या फाइलवर हीच आज्ञा चालवली आणि आकडा जुळला, तर संदेश मान्य करावा. आता फाइलमधला 1675 बदलून 1475 करावा आणि आज्ञा पुन्हा चालवावी. आकडा थोडासा नव्हे, तर पूर्ण बदललेला दिसेल. किल्ली नसलेल्या माणसाला तो अंदाजाने काढणे व्यवहारात अशक्य आहे.

इथे हमखास होणारी एक चूक नमूद करतो. वरची किल्ली 64 अक्षरांत लिहिलेली आहे, पण ती आहे 32 बाइटांची. एका बाजूचा प्रोग्रामर ती अक्षरे उलगडून 32 बाइट घेतो आणि दुसरा त्या 64 अक्षरांनाच किल्ली समजतो. मग कोणताच संदेश कधीच जुळत नाही. काही संदेश जुळतात आणि काही जुळत नाहीत, अशी तक्रार असेल तर दोष मजकुराच्या बाइटांत शोधावा. एकही जुळत नसेल तर आधी किल्लीकडे पाहावे. आणखी एक सूचना: वरच्या उदाहरणात किल्ली आज्ञेत लिहिली आहे ती फक्त शिकण्यापुरती, कारण आज्ञा चालू असताना त्याच यंत्रावरच्या इतर वापरकर्त्यांना ती दिसू शकते.

घेणाऱ्याला खात्री, पंचाला नाही

आता वादाकडे परत येऊ. निर्यातदाराला संदेश मिळाला आणि मॅक जुळला, तेव्हा त्याला दोन गोष्टी कळल्या. वाटेत काहीही बदलले नाही, आणि हा संदेश किल्ली असलेल्याने तयार केला. किल्ली असलेले दोघेच. ‘मी स्वतः हा तयार केलेला नाही’ हे त्याला पक्के माहीत आहे, म्हणून तो उत्पादक कंपनीचाच असला पाहिजे. हा तर्क निर्दोष आहे, पण त्यातला मधला दुवा, म्हणजे ‘मी केलेला नाही’, हा फक्त त्यालाच ठाऊक असतो.

दोघे एखाद्या पंचासमोर बसले आहेत अशी कल्पना करा. कंपनी 1675 दराचा संदेश आणि जुळणारा मॅक पुढे ठेवते. निर्यातदार 1475 दराचा संदेश आणि त्यालाही जुळणारा मॅक पुढे ठेवतो, कारण किल्ली त्याच्याकडेही आहे आणि वरची आज्ञा चालवायला त्याला एक सेकंदही लागत नाही. पंचाने दोघांकडून किल्ली मागून घेतली आणि दोन्ही आकडे तपासले, तर दोन्ही बरोबर निघतील. त्यातून निष्कर्ष एवढाच निघतो की दोन्ही संदेश या दोघांपैकी कोणीतरी तयार केले, आणि हे तर पंचाला आधीच माहीत होते. मॅकमध्ये पडताळू शकणारा प्रत्येक जण बनवूही शकतो, आणि म्हणून तिसऱ्याला पटवण्यासाठी तो निरुपयोगी आहे.

किल्ली जितक्या जणांत वाटली जाते, तितका हा दोष वाढत जातो. समजा निर्यातदाराने निफाड, चांदवड आणि येवला इथल्या तीन कंपन्यांना सोयीसाठी एकच किल्ली दिली. आता संदेश येवल्याचा आहे की चांदवडच्या कंपनीने येवल्याचे नाव घालून पाठवलेला आहे, हे खुद्द निर्यातदारालाही सांगता येणार नाही. प्रत्येक जोडीला वेगळी किल्ली हवी, आणि शक्य असल्यास जाण्यासाठी एक आणि येण्यासाठी दुसरी. दोन्ही दिशांना एकच किल्ली असली, तर आपणच पाठवलेला संदेश कोणी आपल्याकडे परत ढकलला तरी तो वैध ठरेल.

नावांमुळेही फसगत होते. ऑनलाइन पैसे स्वीकारण्याच्या सेवा आपल्या सर्व्हरला जी सूचना पाठवतात, तिच्यातल्या पडताळणीच्या आकड्याचे नाव अनेकदा `signature` असे असते, पण बहुतेक ठिकाणी तो एचमॅक असतो. वेबसाइटवर प्रवेश केलेल्याची ओळख पटवणाऱ्या जेडब्ल्यूटी टोकनच्या तिसऱ्या भागालाही सही म्हणतात. त्याच्या सुरुवातीच्या भागात `HS256` लिहिलेले असेल तर तो मॅक आहे, आणि `RS256` किंवा `ES256` असेल तर ती खरोखर सही आहे. नावाकडे पाहू नये, पडताळायला कोणती किल्ली लागते ते विचारावे. गुपित लागत असेल तर तो मॅकच आहे.

डिजिटल सही: बनवणारा एक, पडताळणारे सगळे

सहीत किल्ल्यांची जोडी असते. खाजगी किल्ली सही करते आणि सार्वजनिक किल्ली ती पडताळते. सार्वजनिक किल्लीवरून खाजगी किल्ली काढणे व्यवहारात शक्य नसते. ही कल्पना 1976 मध्ये डिफी आणि हेलमन यांनी जाहीरपणे मांडली आणि पुढच्याच वर्षी आरएसए ही पद्धत तयार झाली. इथे आपण `ed25519` ही नव्या पिढीतली पद्धत घेऊ. तिची सही 64 बाइटांची असते आणि सार्वजनिक किल्ली फक्त 32 बाइटांची.

```
openssl genpkey -algorithm ed25519 -aes256 -out khajgi.pem
openssl pkey -in khajgi.pem -pubout -out sarvajanik.pem
openssl pkeyutl -sign -rawin -inkey khajgi.pem -in pavti.txt -out pavti.sig
```

पहिल्या तीनही आज्ञा उत्पादक कंपनीच्या संगणकावर चालतात आणि `khajgi.pem` तिथून कधीही बाहेर जात नाही. `-aes256` मुळे ती पासवर्डखाली बंद राहते. निर्यातदाराकडे जातात ते `pavti.txt`, `pavti.sig` आणि, एकदाच, `sarvajanik.pem`. त्याच्या बाजूची आज्ञा अशी:

```
openssl pkeyutl -verify -rawin -pubin -inkey sarvajanik.pem -in pavti.txt -sigfile pavti.sig
```

`Signature Verified Successfully` असे आले तर सही जुळली. आता निर्यातदाराच्या जागी बसून 1675 चे 1475 करून पाहा. `Signature Verification Failure` असे उत्तर येईल. पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. बदललेल्या मजकुराला जुळेल अशी नवी सही निर्यातदार करू शकत नाही, कारण खाजगी किल्ली त्याच्याकडे नाही. पंचासमोर आता चित्र वेगळे असते. 1675 च्या पावतीवर कंपनीच्या किल्लीची सही आहे आणि 1475 च्या पावतीवर नाही. पंचाला कोणाच्याही शब्दावर विसंबावे लागत नाही, तो स्वतःच आज्ञा चालवून पाहतो.

पण वाद उलटा असता तर? कंपनी म्हणाली असती की आम्ही 1875 दर लिहिला होता, तर निर्यातदाराने कंपनीच्याच सहीची 1675 ची पावती पुढे केली असती आणि कंपनीला ती नाकारता आली नसती. मात्र निर्यातदाराने तो दर मान्य केला होता, हे कंपनीच्या सहीतून सिद्ध होत नाही. सही करणारा बांधला जातो, ज्याला संदेश मिळाला तो नाही. दोघेही बांधले जावेत असे वाटत असेल, तर निर्यातदाराने आपल्या किल्लीने त्याच बाइटांवर सही करून पोच परत पाठवली पाहिजे. व्यवहारात अर्धवट राहिलेली बहुतेक प्रकरणे मी या पोचेच्या अभावीच अडकलेली पाहिली आहेत.

सार्वजनिक किल्ली कोणाची?

वरची सगळी इमारत `sarvajanik.pem` खरोखर त्या कंपनीची आहे यावर उभी आहे. कोणी तोतयाने स्वतःची किल्ली कंपनीच्या नावाने पाठवली, तर त्याच्या सह्याही जुळलेल्या दिसतील. दोनच पक्ष असतील तर साधा उपाय आहे. दोन्हीकडे किल्लीचा ठसा काढावा आणि आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून, किंवा समोरासमोर बसून, तो वाचून जुळवावा.

```
openssl pkey -pubin -in sarvajanik.pem -outform DER | openssl dgst -sha256
```

अनोळखी पक्षांमध्ये हे काम प्रमाणपत्र करते. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याखाली परवाना मिळालेल्या संस्था ओळख तपासून ‘ही सार्वजनिक किल्ली अमुक व्यक्तीची’ असे प्रमाणपत्र देतात, आणि खाजगी किल्ली सहसा यूएसबी टोकनमध्ये बंद असते. आपण वर घरी बनवलेल्या किल्लीचे गणित तितकेच मजबूत आहे, पण तिच्यामागे असे प्रमाणपत्र नाही. त्यामुळे कायद्याने मान्य केलेल्या डिजिटल सहीचे स्थान तिला आपोआप मिळत नाही. पीडीएफवर हिरव्या खुणेऐवजी प्रश्नचिन्ह दिसते, तेव्हाही अनेकदा सही चुकीची नसते. ते प्रमाणपत्र कोणाच्या भरवशावर मानायचे, हे त्या संगणकाला सांगितलेले नसते. आणि अशी पीडीएफ छापली की कागदावर उरते ते सहीचे चित्र. पडताळायची बाइट फाइलमध्येच राहतात.

जुळलेली सही जे सांगत नाही

सही सांगते की या बाइटांवर या खाजगी किल्लीने सही झाली. माणसाविषयी ती काही सांगत नाही. साहेबांचे टोकन हिशेबनिसाच्या खणात आणि पासवर्ड त्यालाच चिकटवलेल्या चिठ्ठीवर, ही सवय नाशिकमध्येही मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. तिथे सहीचा अर्थ ‘त्या खणापर्यंत पोहोचलेल्या कोणीतरी’ एवढाच उरतो, पण जबाबदारी मात्र प्रमाणपत्रावर नाव असलेल्याची राहते. वरच्या कायद्याच्या कलम 42 नुसार खाजगी किल्ली ताब्यात ठेवण्याची वाजवी काळजी तिच्या धारकानेच घ्यायची असते आणि ती दुसऱ्याच्या हाती पडल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचे असते.

सही वेळही सांगत नाही. संदेशातली 2025-02-11 ही तारीख पाठवणाऱ्याने लिहिलेली आहे आणि संगणकाचे घड्याळ मागे करून तो हवी ती तारीख लिहू शकतो. वेळ सिद्ध करायची असेल तर तिसऱ्या संस्थेचा सही केलेला कालमुद्रांक लागतो. किल्ली चोरीला गेल्यावर याचे महत्त्व कळते, कारण तेव्हा चोरीआधीच्या सह्या आणि नंतरच्या सह्या वेगळ्या करण्याचा दुसरा भरवशाचा मार्ग नसतो.

जुना संदेश पुन्हा पाठवला तर मॅकही जुळेल आणि सहीही जुळेल. म्हणून संदेशात पावती क्रमांक आहे, आणि 0417 आधीच नोंदवलेला असेल तर निर्यातदाराच्या प्रोग्रामने तो दुसऱ्यांदा नाकारलाच पाहिजे. `kharedidar=B` हा भागही त्याच कारणासाठी आहे. तो नसता तर निर्यातदार हीच सही केलेली पावती तिसऱ्या व्यापाऱ्याकडे सरकवू शकला असता आणि ती त्यालाच उद्देशून लिहिली आहे असे भासले असते. संदेश गुप्त राहतो का, हा तर वेगळाच विषय आहे. दोन्ही पद्धतींत मजकूर उघडाच जातो. आणि वजनकाटाच चुकीचा असेल, तर 182.40 या चुकीच्या आकड्यावर सही अगदी बरोबर होईल.

कोणते कुठे वापरावे

एकाच मालकाची दोन यंत्रे एकमेकांशी बोलत असतील, उदाहरणार्थ काट्याजवळचा संगणक आणि त्याच कंपनीचा सर्व्हर, तर मॅक घ्यावा. तो कितीतरी वेगवान आहे, आणि तिथे पुढे वाद घालायला दुसरा पक्षच नसतो. ज्या संदेशावर पैसे ठरतात आणि ज्याच्या दोन टोकांना दोन वेगळी हितसंबंधी माणसे आहेत, तिथे सही घ्यावी. काही ठिकाणी खाजगी बोलण्यासाठी मॅकचे हे नाकारता येणेच हवे असते आणि तेव्हा तो मुद्दाम निवडला जातो, पण पावतीसाठी ते नको आहे.

पावती 0417 च्या बाबतीत कंपनीने आपल्याकडे जपायच्या गोष्टी अशा: `pavti.txt` मूळ बाइटांसह, `pavti.sig`, त्या वेळची सार्वजनिक किल्ली आणि प्रमाणपत्र, कालमुद्रांक, आणि निर्यातदाराची सही असलेली पोच. हे सगळे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त रकान्यांत मोडून ठेवले आणि मूळ फाइल पुसली, तर 182.40 चे 182.4 होईल, फाइल 73 ऐवजी 72 बाइटांची होईल आणि सही पुन्हा कधीही जुळणार नाही.